मॅडम, मुदत वाढवून मिळेल का?

पत्र

मराठी मातृभाषा नसलेल्या प्रौढांना मी अगदी सुरुवातीची मराठी शिकवते. साधे तीन काळ, 'पाहिजे' आणि 'शकणे' एवढं झालं आहे. आता 'गृहपाठाची मुदत वाढवून मागणारा शिक्षकांना ईमेल' हा पाठ घ्यायचा आहे. मी तयार केलेला नमुना शाळेतल्या रजेच्या अर्जासारखा झाला आणि कुणालाच पेलला नाही. त्यांना स्वतः लिहायला सांगितलं, तर 'कृपया मला दोन दिवस द्या' असं येतं. कृपया आहे, तरी हुकूम सोडल्यासारखं वाटतं. सोपा आणि तरीही अदबीचा नमुना कसा करू? 'तुम्ही' लिहायला सांगू की 'आपण'? आणि चुका ढीगभर असतात, त्यातल्या आधी कुठल्या सुधारू?

— एक शिक्षिका

उत्तर

नमस्कार,

आधी नमुना बघा, मग एकेका ओळीबद्दल बोलू.

> विषय : पाठ ६ चा गृहपाठ – मुदत वाढवण्याबाबत
>
> नमस्कार मॅडम,
>
> मी रेहाना. मी शनिवारच्या वर्गात आहे.
>
> पाठ ६ चा गृहपाठ शुक्रवारी, १४ तारखेला द्यायचा आहे. मला दोन दिवसांपासून ताप आहे, म्हणून तो वेळेत पूर्ण होणार नाही. दहापैकी सहा प्रश्न झाले आहेत.
>
> मला सोमवारपर्यंत, म्हणजे १७ तारखेपर्यंत, मुदत वाढवून मिळेल का?
>
> शक्य नसेल तर झालेले सहा प्रश्न मी शुक्रवारी पाठवेन.
>
> धन्यवाद.
>
> रेहाना

यात रेहानाच्या जागी जोसेफ लिहा आणि नमुना पुन्हा वाचा. नावाखेरीज एक अक्षरही बदलावं लागत नाही. हे मुद्दाम केलं आहे. सुरुवातीच्या वर्गात लिहिणाऱ्याचं लिंग क्रियापदात आलं की निम्मं लक्ष तिकडेच जातं. 'मी पाठवतो' की 'पाठवते', 'मी करू शकलो नाही' की 'शकले नाही', यातच मंडळी अडकून पडतात. म्हणून इथे 'मी आहे', 'मला ताप आहे', 'पूर्ण होणार नाही', 'मी पाठवेन' अशीच रूपं घेतली, जी बाईमाणूस आणि पुरुष दोघांनाही सारखी चालतात. 'मी तुमची विद्यार्थिनी' न लिहिता 'मी शनिवारच्या वर्गात आहे' लिहिलं, तेही त्याच कारणाने. शिक्षकांना वर्गाचा वार कळला की माणूस ओळखू येतो, आणि त्यांना हवं असतं ते तेवढंच.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे मागणीचं वाक्य. तुम्हाला जे खटकतं ते अगदी बरोबर आहे. 'द्या' हे आज्ञार्थी रूप आहे आणि त्याच्याआधी 'कृपया' लावल्याने ते विनंतीचं होत नाही, फक्त सूचनाफलकावरचं होतं. 'कृपया शांतता राखा' हे आपण विनंती म्हणून नाही, नियम म्हणून वाचतो. बऱ्याच भाषांमध्ये एक अदबीचा शब्द वाक्याला चिकटवला की काम भागतं. तुमचे विद्यार्थी तीच सवय घेऊन येतात आणि मग प्रत्येक वाक्यात 'कृपया' पेरतात. मराठीत अदब क्रियापदात असते, म्हणून सुधारणाही क्रियापदातच करायला हवी. पहिल्या ईमेलपुरता 'कृपया' हा शब्द वर्गात बंदच ठेवा. तो काढून घेतला की विद्यार्थ्याला क्रियापदाकडे वळावंच लागतं.

'पाहिजे' तुम्ही शिकवलं आहे, त्यामुळे दुसरा मसुदा बहुधा 'मला दोन दिवस पाहिजेत' असा येईल. दुकानात हे वाक्य बिनदिक्कत चालतं, कारण तिथे आपण पैसे देऊन वस्तू घेतो. शिक्षकांकडे मात्र सवलत मागतोय, आणि सवलतीवर आपला हक्क नसतो. 'हवे आहेत' थोडं मवाळ आहे, पण त्यातही समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. जे वाक्य प्रश्न नाही, त्यात ती जागा नसते. म्हणून नियम साधा ठेवा : मागणीचं वाक्य 'का?'ने संपलं पाहिजे.

मग 'तुम्ही मुदत द्याल का?' का नको? ते चुकीचं नाही, अदबीचंही आहे. पण त्यात 'तुम्ही'शी जुळणारं भविष्यकाळाचं रूप लागतं, आणि नवख्या माणसाकडून 'तुम्ही देशील का' किंवा 'तू द्याल का' असा सांधा हमखास निसटतो. गृहपाठाची मुदत मागताना शिक्षकांना 'देशील का' म्हणणं म्हणजे सगळ्या अदबीवर पाणी. 'देऊ शकाल का' याचीही तीच अडचण. शिवाय तुमच्या वर्गात 'शकणे' वर्तमानकाळात झालं असेल तर ते 'देऊ शकता का' असं लिहितील. असं हल्ली पुष्कळ ऐकू येतं, पण त्यात विनंतीपेक्षा समोरच्याच्या क्षमतेची चौकशी जास्त दिसते. 'शकाल' म्हटलं की वाक्याला विनंतीचा सूर येतो.

'मिळेल का?' या सगळ्या अडचणी बाजूला ठेवतं. क्रियापद जुळतं ते 'मुदत' या शब्दाशी, शिक्षकांशी नाही. त्यामुळे 'तू', 'तुम्ही', 'आपण' यातलं काहीच लागत नाही. मागणारा 'मला' म्हणून वाक्यात येतो आणि देणाऱ्याचा उल्लेखच होत नाही. समोरच्याला तू हे कर असं न सांगता, ही गोष्ट होण्यासारखी आहे का एवढंच विचारणं, ही मराठीतली रोजची अदब आहे. तुमच्या विद्यार्थ्यांनी 'पेन मिळेल का?' हे वाक्य बाहेर कुठेतरी ऐकलेलंही असेल. पेनाच्या जागी मुदत ठेवली की झालं.

यात एकच खड्डा आहे, तो आधी दाखवून ठेवा. मुदत, वेळ, संधी अशा एकवचनी शब्दांना 'मिळेल', पण दोन दिवसांना 'मिळतील'. 'मला दोन दिवस मिळेल का' ही चूक वर्गातल्या अर्ध्या वह्यांमध्ये सापडेल. म्हणून नमुन्यात दिवसांची संख्या मागितलेलीच नाही, 'मुदत वाढवून मिळेल का' असं घेतलं आहे. 'वाढवून' हे रूप तुम्ही अजून शिकवलं नसेल. त्याचं व्याकरण आज सांगू नका. 'वाढवून मिळेल का' हे तीन शब्द एकत्रच पाठ करून घ्या, पुढे 'लिहून', 'वाचून' शिकवाल तेव्हा हे आपोआप उलगडेल. ज्यांना तेही जड जाईल त्यांनी नुसतं 'सोमवारपर्यंत मुदत मिळेल का?' लिहिलं तरी उत्तम.

शुद्धलेखनाचा एक मुद्दा मात्र इथे सोडू नका. 'मुदत'मधला उकार गळला की 'मदत' होतं. फोनवर टाइप करताना हे सहज घडतं आणि वाक्य तरीही व्याकरणशुद्ध राहतं : 'मला सोमवारपर्यंत मदत मिळेल का?' शिक्षक बिचारे कसली मदत ते विचारत बसतात आणि त्यात एक दिवस जातो. विषयाच्या ओळीतही हाच शब्द आहे, तेव्हा पाठवण्याआधी दोन ठिकाणी उकार तपासायचा, एवढी सवय लावा.

'तुम्ही' की 'आपण' याचं उत्तर आता सोपं होतं. या नमुन्यात दोन्ही लागत नाहीत. पण प्रश्न येणारच, कारण कुणीतरी 'तुमच्या वर्गात' लिहील. तेव्हा सरळ 'तुम्ही' घ्या. 'आपण' जास्त आदराचं आहे खरं, पण सुरुवातीला ते पेलत नाही. एक तर 'आपण' म्हणजे 'तुम्ही आणि मी' हा अर्थ त्यांनी आधी शिकलेला असतो, त्यामुळे 'आपण गृहपाठ तपासाल' वाचून ते गोंधळतात. दुसरं म्हणजे 'आपण'ने सुरू केलेला ईमेल तिसऱ्या ओळीत 'तुमचा' होतो. 'तुम्ही' शेवटपर्यंत एकसारखं राहिलेला ईमेल, मध्येच सूर बदलणाऱ्या 'आपण'वाल्या ईमेलपेक्षा केव्हाही अदबीचा वाटतो. 'तू' मात्र एकदाही चालणार नाही, आणि ही चूक लाल शाईने दाखवण्यासारखी आहे. काही भाषांमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' यांना एकच शब्द असतो. त्या भाषा बोलणाऱ्यांना हा फरक ऐकून कळतो, पण लिहिताना 'तू' लहान म्हणून हाताशी येतो.

संबोधनाला 'नमस्कार सर' किंवा 'नमस्कार मॅडम' पुरे. 'प्रिय मॅडम' नको. 'प्रिय' आपण बरोबरीच्या किंवा लहान, जवळच्या माणसाला लिहितो. शिक्षकांना ते विचित्र वाटतं, विशेषतः ओळख नवी असताना. 'आदरणीय' लिहिलं तर बिघडत काही नाही. 'माननीय महोदय', 'वरील विषयास अनुसरून', 'मुदत वाढवून देण्यात यावी ही नम्र विनंती', 'आपला आज्ञाधारक' ही सगळी मंडळी मात्र रजेच्या अर्जात राहू द्या. तुमचा पहिला नमुना पेलला नाही तो यांच्यामुळेच असणार. 'देण्यात यावी' या दोन शब्दांत कर्मणी रचना आणि विध्यर्थ दोन्ही आहेत, आणि वर्ग अजून भविष्यकाळापर्यंतच आला आहे. विद्यार्थी ते चित्रासारखं उतरवून काढतील, पण त्यातला एकही शब्द पुढच्या ईमेलमध्ये वापरू शकणार नाहीत.

विषयाच्या ओळीत कामाचं नाव आणि मागणी दोन्ही हवीत. नुसतं 'विनंती' लिहिलं तर शिक्षकांना उघडल्याशिवाय काही कळत नाही. 'बाबत' हा शब्द या जागी फार कामाचा आहे : मुदत वाढवण्याबाबत, गैरहजेरीबाबत, परीक्षेबाबत. विषयात मागणी आलेली असली की आत आधी कारण आणि मग विनंती, हा मराठीतला नेहमीचा क्रम निर्धास्त ठेवता येतो. विषय रिकामा असेल तर तोच क्रम जाचतो, कारण वाचणाऱ्याला चार ओळी वाचूनही हे कशासाठी चाललंय ते समजत नाही.

तारखेबद्दल जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि तो व्याकरणाच्या चुकीसारखा डोळ्यांना दिसत नाही. विद्यार्थी लिहितो, 'मी परवा देतो.' बोलताना संदर्भ असतो, म्हणून चालतं. पण 'परवा' हा शब्द येणाऱ्या दिवसालाही आहे आणि गेलेल्या दिवसालाही. त्यातून ईमेल बुधवारी रात्री लिहिला आणि शिक्षकांनी तो गुरुवारी दुपारी उघडला, तर परवा नेमका कोणता? 'उद्या'चंही तेच. म्हणून ईमेलमध्ये 'उद्या' आणि 'परवा' दोन्ही वर्ज्य. वार आणि तारीख दोन्ही लिहायची. दोन्ही लिहिण्याचा आणखी एक फायदा असा की एक चुकलं तर दुसऱ्यावरून पकडता येतं. 'सोमवार, १८' असं आलं आणि सोमवारी १७ तारीख असेल, तर शिक्षक लगेच विचारतील.

त्याच्याच जोडीला प्रत्ययांची गडबड असते. 'सोमवारी' म्हणजे त्या दिवशी, 'सोमवारपर्यंत' म्हणजे त्या दिवसाच्या आत कधीही. 'दोन दिवसांत' म्हणजे दोन दिवस संपायच्या आत, 'दोन दिवसांनी' म्हणजे ते संपल्यावर. विद्यार्थ्याच्या मनात एक असतं आणि तो लिहितो दुसरं. वाक्य शुद्ध असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही आणि वाद होतो तो गृहपाठ पोचल्यावर. सध्या फक्त '–पर्यंत' शिकवा. ते शब्दाला जोडून लिहायचं, 'सोमवार पर्यंत' असं तोडून नाही. तारीख आली की 'तारीख'चं 'तारखेपर्यंत' होतं, हा बदल त्यांना बोचेल. तो नियम म्हणून नको, '१७ तारखेपर्यंत', '२० तारखेपर्यंत' असं चार वेळा मोठ्याने म्हणून घ्या, कानाला लागेल.

कारणाची ओळ एकच असावी. नवख्यांना उलट वाटतं, जास्त लिहिलं की जास्त खरं वाटेल. पण तुटपुंज्या शब्दसंग्रहात आजाराचं वर्णन करायला गेलं की ईमेल लांबतो, चुका वाढतात आणि विनंती खाली कुठेतरी बुडते. ताप आहे, मुलगी आजारी आहे, ऑफिसमध्ये काम जास्त आहे, अशी पाच-सहा कारणं फळ्यावर लिहून द्या आणि खरं असेल ते निवडायला सांगा. इथे 'मला वेळ नाही' या वाक्यावर जरूर बोला. त्यांच्या मते ती साधी माहिती आहे. आपल्या कानाला मात्र ते 'मला याची पर्वा नाही' असं ऐकू येतं. 'वेळ मिळाला नाही' म्हटलं की तोच मजकूर तक्रारीऐवजी अडचण होतो. आपण वर 'मिळेल' शिकवलंच आहे, 'मिळाला' त्याचंच भावंड.

असंच दुसरं ठिकाण म्हणजे 'करणे' आणि 'होणे'. विद्यार्थी लिहितो, 'मी गृहपाठ केलो नाही.' यात दोन गोष्टी आहेत. 'केलो' चुकीचं, कारण भूतकाळात इथे क्रियापद गृहपाठाशी जुळतं : 'मी गृहपाठ केला नाही.' पण तेवढं सुधारूनही वाक्य रोखठोकच राहतं, मुद्दाम केला नाही असा वास त्याला येतो. 'गृहपाठ झाला नाही' किंवा मुदतीच्या आधी लिहीत असाल तर 'पूर्ण होणार नाही' हे सौम्य आहे, आणि कर्त्याचं जुळवून घेण्याची कटकटही टळते. अगदीच अंग काढून घेतल्यासारखं वाटत असेल तर 'माझ्याकडून पूर्ण झाला नाही' लिहावं. त्यात जबाबदारीही आहे आणि नरमाईही.

'दहापैकी सहा प्रश्न झाले आहेत' ही ओळ बरेच नमुने गाळतात. ती ठेवाच. शिक्षकांना हो किंवा नाही ठरवायला तीच उपयोगी पडते. सहा झालेत म्हटल्यावर चारांसाठी तीन दिवस मागणं रास्त वाटतं. त्याला जोडूनच 'शक्य नसेल तर' ही ओळ येते. नाही म्हणायची वेळ आली तर काय होईल हे त्यात आधीच सांगितलेलं आहे, त्यामुळे शिक्षकांना अवघडल्यासारखं होत नाही. 'नसेल तर' हे संकेतार्थी वाक्य नवीन असेल, तर तेही गठ्ठ्याने द्या.

शेवटी 'धन्यवाद' पुरे. 'आगाऊ धन्यवाद' कुणीतरी लिहीलच. ते दोन कारणांनी काढायला लावा : अजून होकार आलेला नसताना आभार मानणं म्हणजे होकार गृहीत धरणं, आणि 'आगाऊ' म्हटलं की आपल्याला आगाऊ मूलही आठवतं. 'मी तुमच्या उत्तराची वाट बघतो' हेही नको. लिहिणाऱ्याला ते नम्र वाटतं, वाचणाऱ्याला तगादा वाटतो. उत्तर खरंच लवकर हवं असेल तर 'शुक्रवारच्या आधी कळवाल का?' असं विचारावं.

आता चुकांचा क्रम. समजा, असा मसुदा तुमच्या हातात आला :

> प्रिय मॅडम, तू कशी आहेस? मी गृहपाठ केलो नाही. मला वेळ नाही. कृपया मला दोन दिवस द्या. मी परवा देतो. आगाऊ धन्यवाद.

सगळं एकदम सुधारलंत तर कागद लाल होईल आणि विद्यार्थी फक्त तुमचं वाक्य उतरवून काढेल. पहिल्या फेरीत तीनच गोष्टींना हात लावा : 'तू', 'द्या' आणि 'परवा'. पहिल्या दोन्हींमुळे अदब मोडते, तिसऱ्यामुळे काम बिघडतं. तेवढ्यावर 'मला सोमवारपर्यंत, १७ तारखेपर्यंत, मुदत मिळेल का?' एवढा बदल त्याने स्वतः करून आणावा. 'तू कशी आहेस' दुरुस्त करण्याऐवजी काढूनच टाकायला सांगा, कामाच्या ईमेलमध्ये ते लागत नाही. दुसऱ्या फेरीत 'वेळ नाही' आणि 'केलो नाही'. 'प्रिय' आणि 'आगाऊ' शेवटी, कारण तेवढ्याने कुणी रागावत नाही. ऱ्हस्व-दीर्घ पहिल्या ईमेलमध्ये 'मुदत'पुरतंच तपासा.

वर्गात सुरुवात लिहिण्याने करू नका. दहा मिनिटं तोंडी घ्या : पेन मिळेल का, कागद मिळेल का, दोन कागद मिळतील का. एकाने मागायचं, दुसऱ्याने द्यायचं. मग वस्तू संपवा आणि 'वेळ', 'मुदत' आणा. त्यानंतर नमुन्याची वाक्यं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून क्रम लावायला द्या. क्रम लागला की नमुन्यातल्या चार जागा रिकाम्या करा : काम, मूळ तारीख, कारण, नवी तारीख. बाकी सगळं तसंच राहील. एक लक्षात असू द्या, गृहपाठाच्या जागी कुणी 'चित्र' लिहिलं तर 'द्यायचा'चं 'द्यायचं' आणि 'तो'चं 'ते' करावं लागेल. पहिल्या दिवशी काम सगळ्यांचं गृहपाठच असू द्या.

पुढच्या तासाला हाच ईमेल मुदत उलटून गेल्यावर लिहायला सांगा. फार गुणाचा सराव आहे हा, कारण माणूस तोच, कारण तेच, फक्त काळ बदलतो. 'द्यायचा आहे'चं 'द्यायचा होता', 'ताप आहे'चं 'ताप होता', 'पूर्ण होणार नाही'चं 'पूर्ण झाला नाही'. त्यात 'उशिराबद्दल क्षमस्व' ही एक ओळ वाढते, आणि ती एकदाच. मुदतीच्या आधी लिहिलेल्या ईमेलमध्ये माफी मागायची गरज नाही, तिथे अजून उशीर झालेलाच नसतो. मुदत गेली की 'वाढवून मिळेल का' हेही जरा विसंगत वाटतं. तिथे 'सोमवारी पाठवला तर चालेल का?' हे नैसर्गिक. ओळखीच्या शिक्षकांना पाठवायच्या छोट्या मेसेजमध्येही हाच सांगाडा सरस ठरतो.

आणि ईमेल पाठवून झाला की शिक्षकांचं उत्तर वाचायलाही शिकवा, हा भाग हमखास राहून जातो. 'चालेल' आणि 'हरकत नाही' म्हणजे होकार. 'हरकत नाही'मधला 'नाही' बघून काहीजण खट्टू होतात, तेव्हा ते आधीच सांगा. 'सोमवार जरा अवघड आहे' हा मात्र नकार आहे, जरी त्यात 'नाही' कुठेच नसलं तरी. 'बघू' आलं तर होकार धरायचा नाही, आणि गृहपाठ शुक्रवारच्याच हिशेबाने उरकायचा. अशी चार उत्तरं चिठ्ठ्यांवर लिहून वाटा आणि प्रत्येकाने त्यावर एका ओळीत उत्तर द्यावं. होकाराला 'धन्यवाद मॅडम, सोमवारी पाठवेन.' नकाराला 'ठीक आहे मॅडम, सहा प्रश्न शुक्रवारी पाठवेन.'